कॅशलेसच्या पॅनलवरून बाहेर पडताना

मी जनरल सर्जन आहे. नाशिकला सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या पट्ट्यात आमचं 22 खाटांचं हॉस्पिटल आहे. कारखान्यांतल्या कामगारांना कंपनीची ग्रुप पॉलिसी असते, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पेशंटचा पहिला प्रश्न "डॉक्टर, ऑपरेशन लागेल का?" हा नसतो, तर "कॅशलेस होईल ना?" हा असतो. अशा ठिकाणी एखाद्या विमा कंपनीच्या पॅनलवरून स्वतःहून बाहेर पडणं सोपं नाही. 2024 साली आम्ही ते केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे घडलं ते करारातल्या एका वाक्याच्या आधाराने घडलं, आणि तसं वाक्य मी इतर कंपन्यांच्या करारांतही पाहिलं आहे. म्हणून नावापेक्षा ते वाक्य समजून घेणं जास्त कामाचं आहे.

पॅनलवर जाताना हॉस्पिटल दोन गोष्टी देतं. एक म्हणजे ठरलेले दर, आणि दुसरी म्हणजे त्या दरांवर सूट. आम्ही औषधं आणि इम्प्लांट सोडून बाकी बिलावर 10 टक्के सूट दिली होती. त्या बदल्यात कंपनी पेशंट पाठवणार आणि पैसे वेळेवर देणार. करारात पैशांबद्दल लिहिलं होतं, "पूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून 30 दिवसांत". वाचताना कुणालाही हे वाजवीच वाटेल. पण कागदपत्रं "पूर्ण" झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडे आहे आणि क्वेरी, म्हणजे आणखी कागद किंवा खुलाशाची मागणी, किती वेळा काढायची याला करारात काही मर्यादा नाही.

एक केस सविस्तर सांगते. जानेवारीच्या मध्यावर एक बाई पित्ताशयाच्या खड्यांमुळे दाखल झाल्या. पोटात दुखत होतं, ताप होता. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पित्ताशय पू भरून टरारलेलं निघालं, ड्रेन ठेवावा लागला आणि मुक्काम दोन दिवसांनी वाढला. वाढीव मंजुरी मागितली, ती मिळाली. शेवटचं बिल झालं 64,000 रुपये. त्यातले हातमोजे, किट वगैरे विम्यात न बसणारे 3,200 रुपये पेशंटने भरले. सुटीचे 5,000 वजा झाले. डिस्चार्जच्या दिवशी कंपनीची अंतिम मंजुरी आली 55,800 रुपयांची. बाई घरी गेल्या, त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

आमचा तिथून सुरू झाला. पित्ताशयाच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबून, डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, क्लेम फॉर्मचा हॉस्पिटलने भरायचा भाग ब अशी पूर्ण फाइल कुरिअरने गेली. 27 जानेवारीला ती टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमची प्रक्रिया करणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, कार्यालयात पोचल्याची पावती आमच्याकडे आहे. मुदत संपत होती 26 फेब्रुवारीला. 23 तारखेला क्वेरी आली की इनडोअर केसपेपर पाठवा. केसपेपर त्या फाइलमध्ये होतेच, शिवाय वाढीव मंजुरी मागताना पोर्टलवरही चढवले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवले आणि कंपनीच्या हिशेबाने 30 दिवस नव्याने सुरू झाले. 20 मार्चला दुसरी क्वेरी आली. हा त्रास पेशंटला नक्की कधीपासून होता याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र हवं होतं. तेही दिलं. त्यानंतर पोर्टलवर जून उजाडला तरी एकच ओळ दिसत होती, "प्रक्रिया सुरू आहे".

28 जूनला पैसे आले. मंजूर रकमेतले 4,500 रुपये एका अँटिबायोटिकपोटी कापले होते आणि कारण दिलं होतं "वाजवी व प्रचलित खर्चापेक्षा जास्त". उरलेल्या 51,300 रुपयांवर 10 टक्के टीडीएस, म्हणजे 5,130 रुपये. खात्यात जमा झाले 46,170. वेळेवर पैसे मिळणार म्हणून दिलेली 5,000 रुपयांची सूट मात्र पूर्ण कापलेली होती. मला सर्वांत जास्त हे खुपलं.

एका केसवरून कुणी पॅनल सोडत नाही. आमच्या इन्शुरन्स डेस्कवर जी मुलगी आहे, तिने क्लेमच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या डोक्याने एक रकाना वाढवला होता. फाइल पोचल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि पहिली क्वेरी आल्याची तारीख ती शेजारी शेजारी लिहायची. वर्षभराच्या नोंदी एकदा तिने मला दाखवल्या. "मॅडम, बाकीच्या कंपन्यांच्या क्वेऱ्या पहिल्या आठवड्यात येतात, यांच्या शेवटच्या आठवड्यात," ती म्हणाली. खरंच तसं होतं. ज्याला फाइल तपासायची असते तो ती उघडल्यावर जे नसेल ते मागतो. पाच-सहा दिवसांत आलेली क्वेरी खरी असते, तिचं उत्तर देणं आपलं काम आहे. पण मुदत संपायला दोन-चार दिवस उरलेले असताना, तेही आधीच दिलेला कागद मागणारी क्वेरी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती कागदासाठी नसते. आपल्या हॉस्पिटलात हे होतंय का हे पाहायचं असेल तर एवढा एक रकाना पुरेसा आहे.

दुसरा पुरावा आमच्या सीएंनी काढला. हॉस्पिटलला विमा क्लेमचे पैसे देताना तेव्हा आयकर कायद्याच्या कलम 194 जे खाली टीडीएस कापावा लागायचा आणि तो आयकर खात्याच्या नोंदींत, आपल्या फॉर्म 26 एएसमध्ये, दिसायचा. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला कंपन्यांना मे अखेरपर्यंत मुदत असते, त्यामुळे या नोंदी आपल्याला जूनमध्ये दिसतात. त्या वर्षी त्या कंपनीच्या नावापुढे बँकेत आलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम दिसत होती. सीएंनी एकेक आकडा जुळवला. 51,300 वर 5,130, तारीख 31 मार्च. टीडीएस रक्कम खात्यात जमा धरताना किंवा प्रत्यक्ष देताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे या बाईंचा क्लेम कंपनीने 31 मार्चलाच ठरवून आपल्या पुस्तकात घेतला होता. पोर्टलवर "प्रक्रिया सुरू आहे" हे त्यानंतर जवळजवळ तीन महिने राहिलं. अशा आणखी काही नोंदी निघाल्या. मी सहसा आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी केबिनमध्ये माझा चढला.

या काळात हॉस्पिटल कशावर चालतं, हेही सांगायला हवं. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यांची फी त्याच आठवड्यात द्यावी लागते. औषधवाल्यांची उधारी तीन-चार आठवड्यांची, त्यापुढे ते माल थांबवतात. नर्स, वॉर्डबॉय, मावशी यांचा पगार सात तारखेला झालाच पाहिजे. मोठ्या हॉस्पिटलांना चार महिने थांबणं परवडत असेल, आम्ही ओव्हरड्राफ्टवर व्याज भरून थांबत होतो. विमा कंपनी आमच्याकडून बिनव्याजी पैसे वापरत होती आणि वर सूटही घेत होती.

विचारायचं कुणाला, हा पुढचा प्रश्न. टीपीएला फोन केला की उत्तर ठरलेलं, "आमच्याकडून फाइल पुढे गेली आहे, पैसे कंपनी देते." हे खोटं नाही. नियमानुसार क्लेमचे पैसे विमा कंपनीनेच थेट द्यायचे असतात, टीपीए फक्त प्रक्रिया करतो. कंपनीच्या विभागीय कार्यालयाला विचारलं की ते म्हणत, "टीपीएकडून फाइल यायची आहे." विमा लोकपालाकडे जाता येईल का हे पाहिलं. ती सोय पॉलिसीधारक आणि त्याच्या वारसांसाठी आहे, हॉस्पिटलला तिथे तक्रारदार म्हणून उभं राहता येत नाही. मे 2024 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयचं परिपत्रक आलं की कॅशलेसची विनंती आल्यावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा. पेशंटच्या दृष्टीने ते फार चांगलं झालं. संध्याकाळपर्यंत बिलिंगच्या काउंटरवर ताटकळणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. पण ती मुदत मंजुरी देण्याची आहे, हॉस्पिटलला पैसे मिळण्याची नाही. म्हणजे आमचा आधार होता तो फक्त करार.

म्हणून करारच नीट वाचला. दोन्ही बाजूंना कारण न देता 30 दिवसांच्या लेखी नोटिशीने बाहेर पडता येत होतं. त्याआधी जुलैत सगळ्या थकीत क्लेमची यादी करून कंपनीला पाठवली. क्लेम नंबर, पेशंटचं नाव, फाइल पोचल्याची तारीख, मंजूर रक्कम, आलेल्या क्वेऱ्या आणि उत्तर पाठवल्याच्या तारखा, सोबत कुरिअरच्या पावत्या. पंधरा दिवसांत खुलासा मागितला. उत्तर आलं नाही. तेव्हा नोटीस द्यायची हे आमचं ठरलं. ओळखीच्या काही डॉक्टरांनी समजावलं की एमआयडीसीतली ओपीडी जाईल, जरा दमानं घ्या. त्यांची काळजी खरी होती. पण जितके जास्त पेशंट तितकी जास्त थकबाकी, असं गणित असेल तर पेशंट वाढून उपयोग काय?

नोटीस वकिलांनी लिहिली, दीड पानाची. तिच्यात तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, करार संपण्याची तारीख स्पष्ट लिहिली, आणि त्या तारखेपर्यंत मंजुरी मिळालेले किंवा दाखल असलेले पेशंट जुन्याच अटींवर पूर्ण केले जातील असं नमूद केलं. दुसरी, बाहेर पडल्याने थकबाकीवरचा आमचा हक्क कमी होत नाही, आणि यादी पुन्हा जोडली. नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड एडीने पाठवली, ईमेलवर वेगळी पाठवली आणि प्रत टीपीएला दिली. मुख्यालयाचा पत्ता करारात जुना होता, म्हणून त्या जुन्या आणि चालू अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवली, म्हणजे मिळाली नाही असं म्हणायला जागा नको.

तिसरी गोष्ट वकिलांना मी स्वतः घालायला सांगितली, आणि पॅनल सोडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ती घालावी असं मला मनापासून वाटतं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत एक अपवाद असतो. कंपनीने ज्या हॉस्पिटलला वगळलेलं आहे आणि तसं आपल्या वेबसाइटवर जाहीर केलं आहे, तिथे घेतलेल्या उपचारांचे पैसे पॉलिसीधारकाला मिळत नाहीत. फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी किंवा अपघातात, प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो. पॅनलवर नसणं वेगळं आणि वगळलेल्या यादीत असणं वेगळं. पॅनलवर नसलेल्या हॉस्पिटलात पेशंट आधी बिल भरून नंतर कंपनीकडून पैसे मागू शकतो. वगळलेल्या यादीत नाव गेलं तर तोही मार्ग बंद होतो, शिवाय त्या यादीत सहसा गैरव्यवहाराचा संशय असलेली हॉस्पिटलं असतात. म्हणून आम्ही लेखी मागितलं की हॉस्पिटल स्वेच्छेने बाहेर पडलं आहे आणि त्याचं नाव वगळलेल्या यादीत नाही. ते पत्र यायला वेळ लागला, पाठपुरावा करावा लागला, पण आलं. आज ते रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये असतं.

नोटीस पोचल्यावर आठवडाभरात कंपनीचे नेटवर्क मॅनेजर आले. इतके महिने ज्यांचा फोन लागत नव्हता, ते समोर बसून चहा घेत होते. माणूस सज्जन होता, त्यांच्या हातात फारसं काही नाही हेही दिसत होतं. नोटीस मागे घेतली तर थकबाकीतली मोठी रक्कम लगेच सोडतो, असं ते म्हणाले. मी म्हणाले, "जे लगेच सोडता येतं, ते इतके दिवस का अडलं?" मग त्यांनी एक कागद पुढे केला. दर सुधारण्याचा प्रस्ताव होता, पण खालच्या परिच्छेदात "आजपर्यंतचे सर्व क्लेम पूर्ण व अंतिमरीत्या निकाली निघाले आहेत" असं वाक्य होतं. त्यावर सही केली असती तर कापलेल्या आणि अडकलेल्या रकमेवर पाणी सोडल्यासारखं झालं असतं. मी एकच अट घातली. करारात लिहा की एका क्लेमवर क्वेरी एकदाच, फाइल पोचल्यापासून सात दिवसांत, आणि 30 दिवस उलटले तर सूट लागू नाही. विचारून सांगतो म्हणाले. त्यावर पुढे काही आलं नाही.

नोटिशीचे ते 30 दिवस आम्ही पेशंटसाठी वापरले. रिसेप्शनवर मराठी आणि हिंदीत मोठा फलक लावला, तारखेसह. ज्यांची ऑपरेशनं ठरली होती त्यांना फोन करून दोन पर्याय दिले, तारखेआधी उरकून घ्या किंवा दुसरीकडे कॅशलेस हवं असेल तर सगळे रिपोर्ट घेऊन जा, वाईट वाटून घेऊ नका. ज्या गर्भवतींची तारीख पुढच्या दोन-तीन महिन्यांतली होती, त्यांना स्वतः बोलावून सांगितलं. आठव्या महिन्यात डॉक्टर बदलणं काय असतं ते मला माहीत आहे, त्यामुळे हे बोलणं मला सगळ्यांत जड गेलं. एका कामगाराची बायको म्हणाली, "मॅडम, तुमचं भांडण कंपनीशी, आम्ही काय केलं?" तिला सगळा हिशेब सांगितला. तिचं ऐकल्यावर आम्ही ठरवलं की आधी नाव नोंदवलेल्या बाळंतपणांसाठी अनामत घ्यायची नाही, बिल हप्त्यांत घ्यायचं आणि क्लेमची फाइल आम्हीच तयार करून द्यायची. जवळच्या दोन कारखान्यांच्या एचआर विभागांनाही पत्र दिलं, कारण ग्रुप पॉलिसी त्यांच्यामार्फत असते आणि कामगार आधी त्यांनाच विचारतात.

बिल भरून क्लेम करणाऱ्यांची फाइल अडते ती बहुतेक वेळा साध्या गोष्टींवर. क्रमांक नसलेलं बिल, रक्कम मिळाल्याची पावती नसणं, रिपोर्ट आहे पण तपासणी लिहून दिलेली चिठ्ठी नाही, क्लेम फॉर्मचा भाग ब हॉस्पिटलने भरलेला नाही. डेस्कवरच्या मुलीने याची एक पिशवीच बांधून ठेवली आहे. डिस्चार्जच्या वेळी मूळ कागद, हॉस्पिटलच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि भरलेला भाग ब त्यात घालून देते, आणि सगळ्याची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा असं बजावते.

कंपनीच्या वेबसाइटवर आमचं नाव करार संपल्यानंतरही कितीतरी दिवस पॅनलच्या यादीत दिसत होतं. लोक ते बघून यायचे आणि काउंटरवर चिडायचे. स्क्रीनशॉट काढून तारखेसह ईमेल करत राहिलो, तेव्हा कुठे नाव निघालं. ज्यांना पॅनल सोडायचं आहे त्यांनी नोटिशीतच नाव काढण्याची तारीख मागावी.

पेशंट कमी झाले का? झाले. विशेषतः ठरवून करायची ऑपरेशनं, हर्निया, मूळव्याध, पित्ताशय. पहिले चार-पाच महिने ते जाणवलं. अपेंडिक्ससारखी तातडीची कामं फारशी घटली नाहीत. उरलेल्या कंपन्यांचे पैसे महिना-सव्वा महिन्यात येतात, त्यामुळे ओव्हरड्राफ्ट मात्र उतरला आणि औषधवाल्यांची बिलं वेळेवर जायला लागली. जानेवारी 2024 पासून "कॅशलेस एव्हरीव्हेअर" आहे, म्हणजे 15 किंवा अधिक खाटांच्या, पॅनलवर नसलेल्या हॉस्पिटलातही पेशंट कॅशलेस मागू शकतो. ठरवलेल्या ऑपरेशनसाठी कंपनीला 48 तास आधी कळवावं लागतं, तातडीत दाखल झाल्यापासून 48 तासांत. पण हॉस्पिटलने त्याला हो म्हटलं पाहिजे. या कंपनीच्या पेशंटसाठी आम्ही ठरवलेल्या कामांना नाही म्हणतो, कारण पैसे त्याच वाटेने येणार. तातडीच्या पेशंटला उपचार आधी, कागद नंतर, त्यात कोणती पॉलिसी आहे हे कुणी विचारत नाही.

थकबाकीतली बरीचशी रक्कम नोटीस दिल्यानंतरच्या काही महिन्यांत आली, सूट कापूनच. जे क्लेम राहिले त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. लघु उद्योग म्हणून आमची सरकारी उद्यम नोंदणी करारापूर्वीची आहे, त्यामुळे सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जाता येईल का हे पाहिलं. 2006 च्या कायद्यानुसार 45 दिवसांपलीकडे अडवलेल्या पैशांवर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येतं. वकिलांचं मत असं की कंपनी तिथे वाद घालेल, सेवा घेतली ती पेशंटने, आम्ही खरेदीदार नाही. दुसरी वाट दिवाणी दाव्याची, तिची मुदत तीन वर्षांची. रजिस्टरमध्ये आता प्रत्येक राहिलेल्या क्लेमसमोर ती तीन वर्षं कधी संपतात ते लाल शाईने लिहिलेलं आहे, आणि परिषदेकडचा अर्ज वकिलांच्या टेबलावर तयार आहे.